मध्यग अपूर्णांक : त्याचे स्थान आणि त्याचा भार

अपूर्णांकांची बेरीज शिकू लागलेला विद्यार्थी पुष्कळदा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मोकळा होतो. १/३ आणि १/२ यांची बेरीज तो २/५ अशी मांडतो, आणि शिक्षक ती खोडतात. शिक्षकांचे खोडणे योग्यच असते, कारण २/५ ही संख्या १/२ पेक्षाही लहान आहे. दोन धन संख्यांची बेरीज त्यांतील एकीपेक्षा लहान असणे शक्य नाही. परंतु खोडलेल्या या उत्तराकडे जरा थांबून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. २/५ ही संख्या १/३ पेक्षा मोठी आणि १/२ पेक्षा लहान आहे. ती बेरीज नव्हे, पण दोहोंच्या मधली एक संख्या निश्चित आहे. हा योगायोग नसून धन छेदांच्या सर्व अपूर्णांकांना लागू असणारा गुणधर्म आहे. अशा रीतीने मिळणाऱ्या अपूर्णांकास, इंग्रजीत ज्याला ‘मीडियंट’ म्हणतात त्यास, आपण या लेखात ‘मध्यग अपूर्णांक’ असे म्हणू.

मध्यग अपूर्णांक दोहोंच्या मध्ये असतो, एवढे सिद्ध करणे अगदी सोपे आहे. त्याहून अधिक विचार करण्याजोगा प्रश्न असा की, मध्ये म्हणजे नेमका कोठे? या प्रश्नाच्या उत्तरावर पुढील सर्व विवेचन अवलंबून आहे. ते उत्तर प्रथम नेसरी परिसरातील उसाच्या हिशेबात आणि नंतर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील परिघाच्या गुणकात पडताळून पाहण्याचा येथे विचार आहे.

१. गुणधर्म व त्याची सिद्धता

अ/ब आणि क/ड हे दोन अपूर्णांक घ्या. ब आणि ड हे दोन्ही छेद धन आहेत आणि अ/ब हा क/ड पेक्षा लहान आहे, असे समजा. दोन्ही बाजूंस ब·ड ने गुणले असता अ·ड < क·ब असे मिळते. म्हणजे क·ब − अ·ड ही राशी धन आहे. या राशीला आपण ‘म’ म्हणू. आता मध्यग अपूर्णांकातून लहान अपूर्णांक वजा करू, आणि मोठ्या अपूर्णांकातून मध्यग वजा करू. सरळ आकडेमोडीने पुढील दोन समीकरणे मिळतात :

(अ + क)/(ब + ड) − अ/ब = म / [ब(ब + ड)]

क/ड − (अ + क)/(ब + ड) = म / [ड(ब + ड)]

दोन्ही उजव्या बाजू धन आहेत. म्हणून मध्यग अपूर्णांक पहिल्यापेक्षा मोठा आणि दुसऱ्यापेक्षा लहान आहे. सिद्धता येथे पूर्ण झाली. छेद धन असावेत ही अट मात्र केवळ औपचारिक नाही. १/२ आणि १ हे दोन अपूर्णांक घेऊन त्यांतील १ हा (−१)/(−१) असा लिहिला, तर अंशांची बेरीज ० आणि छेदांची बेरीज १ येते. मिळालेले ० हे उत्तर दोहोंच्या बाहेर पडते.

वरील दोन समीकरणांत सिद्धतेपेक्षा अधिक काही दडलेले आहे. दोन्ही उजव्या बाजूंचे एकमेकींशी गुणोत्तर घेतले असता म आणि (ब + ड) निघून जातात, आणि मध्यग अपूर्णांकाची अ/ब पासूनची व क/ड पासूनची अंतरे ड : ब या प्रमाणात आहेत असे दिसते. अंतरांचे हे प्रमाण छेदांच्या व्यस्त आहे. ज्याचा छेद मोठा, त्याच्याकडे मध्यग अधिक ओढला जातो. दुसऱ्या शब्दांत, मध्यग अपूर्णांक म्हणजे दोन मूळ अपूर्णांकांचा भारित मध्य, आणि त्यांचे भार म्हणजे त्यांचे छेद. दोन्ही छेद समान असतील तेव्हाच तो समांतर मध्याशी एकरूप होतो.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मध्यग हा अपूर्णांकांच्या मूल्यांवरून ठरत नाही; तो त्यांच्या लिहिण्याच्या रूपावरून ठरतो. १/३ व १/२ यांचा मध्यग २/५ आहे. पण १/२ च्या जागी १०/२० लिहिले तर तो ११/२३ होतो. मूल्ये तीच, मध्यग मात्र निराळा, कारण दुसऱ्या अपूर्णांकाचा भार २ वरून २० झाला आणि उत्तर १/२ कडे सरकले. बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार या क्रियांत असे कधी होत नाही. म्हणून मध्यग घेताना प्रत्येक वेळी विचारले पाहिजे, की हा छेद कोठून आला, आणि त्याला काही अर्थ आहे काय?

२. छेदाला अर्थ असतो तेव्हा : साखर उतारा

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी आणि तिच्या आसपासच्या गावांतील शेतकऱ्याला मध्यग अपूर्णांक हे नाव ठाऊक नसेल. पण गळीत हंगामात त्याच्या कानावर रोज पडणारा ‘आजअखेर उतारा’ हा मध्यग अपूर्णांकच असतो. गाळलेल्या उसाच्या वजनाशी त्यातून मिळालेल्या साखरेच्या वजनाचे प्रमाण म्हणजे साखर उतारा. येथे अंश म्हणजे साखर आणि छेद म्हणजे ऊस. कालपर्यंतच्या साखरेत आजची साखर मिळवली, कालपर्यंतच्या उसात आजचा ऊस मिळवला आणि भागाकार केला, की आजअखेरचा उतारा मिळतो. उसाचा रास्त व किफायतशीर दर या उताऱ्याशी बांधलेला असल्यामुळे, हे गणित कसे केले यावर शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम अवलंबून राहते.

सोयीसाठी काही आकडे कल्पू. हंगामाच्या आरंभी उसात साखर कमी भरलेली असते आणि थंडी पडल्यावर ती वाढते, हे अनुभवाचे आहे. एका कारखान्याने हंगामाच्या पूर्वार्धात १,००,००० टन ऊस गाळून १०,५०० टन साखर काढली, उतारा १०.५ टक्के. उत्तरार्धात त्याने ३,००,००० टन ऊस गाळून ३७,५०० टन साखर काढली, उतारा १२.५ टक्के. एकूण साखर ४८,००० टन, एकूण ऊस ४,००,००० टन. म्हणून हंगामाचा उतारा १२ टक्के. मागील कलमातील नियम येथे पडताळता येतो. १०.५ पासून १२ चे अंतर १.५ आहे आणि १२.५ पासून ०.५ आहे. अंतरांचे प्रमाण ३ : १, आणि उसाच्या वजनांचे प्रमाण १ : ३.

कोणी या दोन उताऱ्यांची नुसती सरासरी घेतली, तर ती ११.५ टक्के येईल. फरक अर्ध्या टक्क्याचाच दिसतो. पण ४,००,००० टन उसावर अर्धा टक्का म्हणजे २,००० टन साखर. ती साखर गुदामात आहे, हिशेबात नाही, असा प्रकार होईल. दोन दरांची सरासरी घेताना छेद टाकून दिले, की ही चूक घडते. उलट, एखाद्या तक्त्यात पूर्वार्ध १०.५, उत्तरार्ध १२.५ आणि संपूर्ण हंगाम १२.७ असे आकडे आढळले, तर उसाची वजने न पाहताही तक्ता चुकला आहे असे निश्चयाने सांगता येते, कारण मध्यग अपूर्णांक दोहोंच्या बाहेर कदापि जाऊ शकत नाही. हिशेब तपासण्याचे हे एक साधे साधन आहे.

३. दोन मध्यगांची तुलना

मध्यगाच्या या गुणधर्मावरून आणखी एक अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु ते अनुमान खरे नाही. एका कारखान्याचा उतारा पूर्वार्धातही दुसऱ्यापेक्षा अधिक आणि उत्तरार्धातही अधिक असेल, तर संपूर्ण हंगामाचा उताराही अधिकच असला पाहिजे, असे सकृद्दर्शनी वाटते. वरील कारखान्याच्या शेजारी दुसरा एक कारखाना कल्पू. त्याने पूर्वार्धात ३,००,००० टन ऊस गाळून ३१,८०० टन साखर काढली, म्हणजे उतारा १०.६ टक्के, उत्तरार्धात १,००,००० टन ऊस गाळून १२,६०० टन साखर काढली, म्हणजे उतारा १२.६ टक्के. दोन्ही वेळा तो पहिल्याच्या पुढे आहे. पण त्याची एकूण साखर ४४,४०० टन आणि ऊस ४,००,००० टन. हंगामाचा उतारा ११.१ टक्के. पहिल्या कारखान्याच्या १२ टक्क्यांपेक्षा तो जवळजवळ एका टक्क्याने कमी आहे.

आकडेमोडीत कोठेही चूक नाही. दुसऱ्या कारखान्याने आपला बहुतेक ऊस साखर भरण्याआधीच गाळला, म्हणून त्याचा मध्यग १०.६ कडे ओढला गेला. पहिल्याने बहुतेक ऊस उशिरा गाळला, म्हणून त्याचा मध्यग १२.५ कडे ओढला गेला. एडवर्ड सिम्प्सन यांनी १९५१ साली अशा उलटापालटीचे विवेचन केले, आणि संख्याशास्त्रात ती आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. उडनी यूल यांनी १९०३ मध्येच तिच्याकडे लक्ष वेधले होते.

अशी उलटापालट संभवते किंवा नाही, हे मध्यगाच्या गुणधर्मावरूनच ओळखता येते. पहिल्याचा मध्यग १०.५ व १२.५ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो, दुसऱ्याचा १०.६ व १२.६ यांच्या दरम्यान. ही दोन अंतराले एकमेकांवर जवळजवळ पूर्ण पडतात. म्हणून नुसत्या दरांवरून कोणाचा मध्यग मोठा, हे ठरत नाही. एकाचे अंतराल संपूर्णपणे दुसऱ्याच्या वर असते, तर वजने काहीही असली तरी उलटापालट झाली नसती. तसेच दोन्ही कारखान्यांचा ऊस पूर्वार्धात आणि उत्तरार्धात एकाच प्रमाणात विभागलेला असता, तरीही ती झाली नसती. कारण मग दोन्ही मध्यगांतील भार सारखे असते. या दोहोंपैकी एकही अट पुरी होत नसेल, तेव्हा भागांची तुलना संपूर्णाला लावण्यापूर्वी छेद मागून घ्यावेत.

४. शेजारी अपूर्णांक

आतापर्यंत छेद म्हणजे मोजलेले वजन होते. जेथे असे वजन नाही, केवळ संख्या आहेत, तेथे छेद कोणता घ्यावा? स्वाभाविक उत्तर असे, की अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात लिहावा. मग त्याला एकच छेद उरतो आणि संदिग्धता जाते. अशा वेळी मध्यगाला आणखी एक विलक्षण गुण प्राप्त होतो. त्यासाठी ‘शेजारी’ अपूर्णांकांची कल्पना हवी. वरील म = क·ब − अ·ड ही राशी बरोबर १ असेल, तर अ/ब आणि क/ड यांना शेजारी म्हणू. १/३ आणि १/२ हे शेजारी आहेत, कारण १·३ − १·२ = १.

प्रमेय असे : शेजारी अपूर्णांकांच्या दरम्यान येणाऱ्या सर्व अपूर्णांकांत मध्यगाचा छेद सर्वांत लहान असतो. सिद्धतेसाठी दोहोंमधील कोणताही अपूर्णांक प/फ घ्या. तो अ/ब पेक्षा मोठा असल्यामुळे प·ब − अ·फ हा धन पूर्णांक आहे, म्हणजे किमान १ आहे. त्याचप्रमाणे क·फ − प·ड हाही किमान १ आहे. आता पुढील नित्यसमानता पाहा :

ब(क·फ − प·ड) + ड(प·ब − अ·फ) = फ(क·ब − अ·ड) = फ

डावी बाजू ब + ड पेक्षा लहान असू शकत नाही; म्हणून फ हा किमान ब + ड आहे. समानता तेव्हाच येते जेव्हा कंसांतील दोन्ही राशी १ असतात, आणि तेव्हा प = अ + क असेच मिळते. शिवाय मध्यग हा दोन्ही मूळ अपूर्णांकांचा शेजारी असतो; कारण (अ + क)·ब − अ·(ब + ड) = क·ब − अ·ड = १, आणि दुसऱ्या बाजूलाही तसेच. म्हणून ही क्रिया पुन्हा पुन्हा करता येते, आणि दर वेळी मिळणारा अपूर्णांक अतिसंक्षिप्तच असतो.

५. लीलावतीतील ३९२७/१२५०

भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त व्यासावरून परिघ काढण्याचे दोन गुणक दिले आहेत. सूक्ष्म परिघासाठी व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागावे. व्यवहारासाठी, स्थूल परिघ हवा असेल तर, २२ ने गुणून ७ ने भागावे. यांपैकी सूक्ष्म गुणकाचे मूल्य ३.१४१६ आहे. आर्यभटाने ४९९ साली २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ सांगितला होता. दोन्ही संख्यांना १६ ने भागले की ३९२७ आणि १२५० हेच आकडे येतात. तेव्हा भास्कराचार्यांचे मूल्य आर्यभटाचेच आहे, रूप मात्र अतिसंक्षिप्त आहे.

शेजाऱ्यांचे मध्यग घेत घेत या ३९२७/१२५० पर्यंत पोहोचता येते काय, ते पाहू. ३/१ आणि ४/१ या शेजाऱ्यांपासून आरंभ करू. दर वेळी मध्यग घ्यावयाचा आणि ३.१४१६ ही संख्या ज्या दोन अपूर्णांकांच्या दरम्यान सापडेल ती जोडी ठेवावयाची. पहिला मध्यग ७/२. तो मोठा आहे, म्हणून ४/१ ची जागा तो घेतो. पुढे १०/३, १३/४, १६/५, १९/६ आणि २२/७ असे क्रमाने येतात, सर्व मोठेच. त्यानंतरचा २५/८ म्हणजे ३.१२५ हा लहान आहे. म्हणजे सहाव्या पायरीवर मिळालेला २२/७ आता वरची सीमा म्हणून राहतो, आणि खालची सीमा सरकू लागते.

खालच्या सीमेत दर पायरीला अंशात २२ आणि छेदात ७ मिळतात : २५/८, ४७/१५, ६९/२२, असे करीत पंधराव्या पायरीला ३३३/१०६ आणि सोळाव्या पायरीला ३५५/११३. आणखी एक पायरी गेल्यास ३७७/१२० हा ३.१४१६ च्या वर जातो. म्हणून ३५५/११३ ही खालची सीमा झाली, आणि आता वरची सीमा खाली सरकू लागते. तिच्या अंशात दर वेळी ३५५ आणि छेदात ११३ मिळवावयाचे. अकराव्या पायरीला अंश २२ + ११ × ३५५ = ३९२७ आणि छेद ७ + ११ × ११३ = १२५० येतो. लीलावतीतील सूक्ष्म गुणक जसाच्या तसा समोर उभा राहतो. ३५५/११३ ला अकरा वेळा आणि त्याच ग्रंथातील स्थूल गुणक २२/७ ला एक वेळ घेऊन तो बनलेला आहे. यावरून भास्कराचार्यांनी किंवा आर्यभटाने तो या मार्गाने काढला असे म्हणता येणार नाही. ही त्या अपूर्णांकाची अंतर्रचना आहे, त्याचा इतिहास नव्हे.

आता पहिल्या कलमातील भाराचा नियम लावू. ३५५/११३ आणि २२/७ हे शेजारी असल्यामुळे (२२ × ११३ − ३५५ × ७ = २४८६ − २४८५ = १) त्यांच्यातील अंतर १/७९१, म्हणजे सुमारे ०.००१२६४ आहे. ३९२७/१२५० मध्ये पहिल्याचा भार १२४३ आणि दुसऱ्याचा ७. म्हणून तो ३५५/११३ पासून या अंतराच्या ७/१२५० इतकाच, म्हणजे सुमारे ०.००००००७ च्या दहापट, ०.०००००७ इतकाच वर असला पाहिजे. प्रत्यक्ष भागाकार करून पाहिले असता ३५५/११३ = ३.१४१५९२९…, आणि ३.१४१६ शी त्याचा फरक ०.०००००७१ येतो.

परंतु परिघ व व्यास यांचे खरे गुणोत्तर, ज्याला आपण π म्हणतो, ते ३.१४१५९२६५… आहे. ३५५/११३ हा त्याच्यापेक्षा सुमारे ०.००००००२७ ने मोठा आहे. ३९२७/१२५० हा सुमारे ०.०००००७३ ने मोठा आहे. छेद अकरापट मोठा असूनही त्याची त्रुटी सत्तावीसपट अधिक आहे. कारण उघड आहे. २२/७ आणि ३५५/११३ हे दोघेही π च्या वरच आहेत. त्यांचा मध्यग त्यांच्या दरम्यान राहणार, म्हणून तोही π च्या वरच राहणार. आणि दोहोंपैकी जो π ला अधिक जवळ आहे, त्याच्यापेक्षा तो दूरच जाणार. भार कितीही ३५५/११३ च्या बाजूला असला, तरी २२/७ चा सात इतका अल्प भारही उत्तर वरच ओढतो.

π चाच शोध घ्यावयाचा असता, तर वरील क्रियेत ३५५/११३ मिळाल्याबरोबर मार्ग बदलला असता. तो π पेक्षा मोठा असल्यामुळे खालची सीमा न होता वरची सीमा झाला असता, २२/७ तेथेच सुटला असता, आणि पुढचा मध्यग खालच्या ३३३/१०६ बरोबर घेतला गेला असता. ३.१४१६ हे लक्ष्य आणि π हे लक्ष्य यांचे मार्ग पहिल्या बावीस पायऱ्यांपर्यंत एकच आहेत. तेथून ते फुटतात. म्हणून मध्यग घेऊन एखाद्या राशीचे अधिक चांगले मूल्य मिळेल अशी अपेक्षा करण्यापूर्वी, ती राशी त्या दोन अपूर्णांकांच्या दरम्यान आहे काय, हे आधी तपासावे. मध्यग आपल्या दोन मूळ अपूर्णांकांच्या मध्ये राहण्याची हमी देतो. शोधलेली संख्याही तेथेच आहे, ही हमी त्याच्याजवळ नाही.